मेहुणा, दीर आणि दहा टक्के

२४ फेब्रुवारी २०२५

काल सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. चौसष्टपैकी एक्केचाळीस सदनिकांचे सदस्य आले होते. दर तेच राहिले. आकारणी कशी करायची ते मात्र नव्याने ठरलं. १ एप्रिलपासून लागू.

रात्री सचिव वर आले. "मॅडम, परिपत्रक काढायचंय. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. इंग्रजी मी करतो, तुम्ही फक्त मराठी करा."

फक्त मराठी.

हो म्हणाले. नाही म्हणण्याचा हक्क मला नव्हता.

२६ फेब्रुवारी

उपनिबंधक कार्यालयाच्या पत्राची प्रत सचिवांनी दिली. तक्रार पाचव्या मजल्यावरच्या वहिनींची. मागच्या वर्षीच्या परिपत्रकाच्या दोन्ही प्रती जोडल्यात. पत्रात एकच प्रश्न आहे: यातली कोणती खरी?

इंग्रजी प्रतीत बिनभोगवटा शुल्क 'सर्व्हिस चार्जेस'च्या दहा टक्के. मराठी प्रतीत 'मासिक देखभाल शुल्का'च्या दहा टक्के. खजिनदारांनी वसुली मराठीप्रमाणे केली. त्यांना मराठी प्रत दिली होती, त्यांनी ती पाळली.

२७ फेब्रुवारी

गणित मांडून पाहिलं. आमच्या इमारतीतलं एक मासिक बिल:

सेवा शुल्क १,८००. पालिकेचा कर ९००. दुरुस्ती निधी ७५०. सिंकिंग फंड २५०. पाणी ४००. एकूण ४,१००.

सेवा शुल्काच्या दहा टक्के म्हणजे १८०. अख्ख्या बिलाच्या दहा टक्के म्हणजे ४१०. फरक महिन्याला २३०, वर्षाला २,७६०. अशा चौदा सदनिका.

१ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशात स्पष्ट आहे. पालिकेचे कर वगळून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. इंग्रजी प्रत बरोबर होती.

एका शब्दाने घोळ केला. देखभाल. लोकांच्या तोंडी 'मेंटेनन्स' म्हणजे अख्खं बिल. उपविधीत 'रिपेअर्स अँड मेंटेनन्स फंड' म्हणजे दुरुस्ती निधी. हिशोबनिसाच्या डोक्यात मेंटेनन्स म्हणजे पहारेकरी, झाडूवाला, जिन्यातले दिवे, म्हणजेच सेवा शुल्क. तीन माणसं तीन रकमा समजतात आणि तिघांनाही वाटतं, यात समजायचंय काय.

'देखभाल' हा शब्द कुणी घातला असेल, असं सचिवांनी विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी

मागच्या वर्षीचा कच्चा मसुदा कपाटात सापडला. माझंच अक्षर. 'सेवा शुल्क' लिहून खोडलंय आणि वर 'देखभाल शुल्क' लिहिलंय. समासात बारीक अक्षरात टीप: 'लोकांना सोपं जाईल.'

मसुदा परत ठेवला.

१ मार्च

चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात अनुवादक होते. पहिल्या वर्षी साहेबांनी टेबलावर शासन व्यवहार कोश आपटला होता आणि म्हणाले होते, इथे सौंदर्य शोधायचं नाही. एका अर्थाला एक शब्द, एका शब्दाला एक अर्थ. तोच शब्द दहा वेळा आला तर दहा वेळा लिहायचा.

शाळेत निबंधाच्या वहीत बाईंनी उलट शिकवलेलं. पुनरुक्ती टाळा. परिपत्रकात पुनरुक्ती टाळली की वाचणारा विचारतो, ही दुसरी गोष्ट कोणती?

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बाई परत आल्या होत्या बहुतेक.

३ मार्च

सचिवांना सांगितलं, आधी तक्ता. दोन रकाने, इंग्रजी आणि मराठी. तिसऱ्यात त्या शब्दाचा अर्थ एका वाक्यात. चौथ्यात तो कुठून घेतला: उपविधी, ठराव की बोलीतला.

"मसुदा झाल्यावर तक्ता करू ना."

मसुदा झाल्यावर केलेला तक्ता म्हणजे पंचनामा. तसं बोलले नाही. म्हटलं, दोन दिवस द्या.

४ मार्च

तक्ता. पहिल्याच ओळीला अडले. मेंबर.

मागच्या वर्षीच्या मराठी प्रतीत कलम १ मध्ये 'सभासद', कलम ३ मध्ये 'सदस्य', कलम ५ मध्ये 'सदनिकाधारक'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी मेंबर. सदनिकाधारक म्हणजे नुसता राहणाराही झाला. व्याजाचं कलम नेमकं पाचवं.

सदस्य. सगळीकडे सदस्य. उपविधीत तोच आहे.

सिंकिंग फंडाला जुन्या इतिवृत्तात 'घसारा निधी' लिहिलंय. ताळेबंदात घसारा वेगळा दाखवतात, मालमत्तेची किंमत उतरते तो. हा निधी वेगळा. पुढेमागे इमारतीची मोठी डागडुजी करायची त्यासाठी साठवलेला पैसा. 'सिंकिंग फंड' तसाच देवनागरीत ठेवला. सगळे तेच म्हणतात, आणि त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात नाही.

मराठी शब्द असताना इंग्रजी ठेवला म्हणून मन खातंय. थोडंच.

५ मार्च

बिनभोगवटा शुल्क. शब्द बोजड आहे. हे म्हणाले, "ऐकल्यावर भूत राहतं असं वाटतं." तरी तोच. लोकांना कळण्यासाठी पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडलं: सदस्य स्वतः आणि त्याचं कुटुंब यांपैकी कुणीही सदनिकेत राहत नसेल आणि ती दुसऱ्याला राहायला दिली असेल, तेव्हा आकारायचं शुल्क. पुढे नुसता शब्द.

सोपं करायचं ते व्याख्येत. शब्द बदलून नाही.

७ मार्च

सचिवांचा इंग्रजी मसुदा आला. नीट लिहिलाय, नोकरीत बरीच पत्रं लिहिली असणार. पण तक्ता बाजूला ठेवून लिहिलाय. सर्व्हिस चार्जेस दोनदा, मंथली आउटगोइंग्ज एकदा, मेंटेनन्स एकदा.

चूक मराठीतच होते असं मीही धरून चालले होते.

८ मार्च

व्याज.

इंग्रजीत 'एटीन पर्सेंट पर अ‍ॅनम'. मी कच्च्यात लिहिलं होतं 'दरमहा दीड टक्का', कारण बोलताना कुणी दरसाल म्हणत नाही. दीड बारे अठरा. बरोबर.

मग दहा दिवसांच्या उशिराचा हिशोब केला. बिल ४,१००. दरसाल अठरा टक्क्यांनी दहा दिवसांचे २० रुपये २२ पैसे. दरमहा दीड टक्क्याने, महिना सुरू झाला की पूर्ण महिना धरला तर, ६१ रुपये ५० पैसे. संगणकात खजिनदार कोणता आकडा भरणार, ते त्यांच्या हातात कोणती प्रत पडते त्यावर.

इतिवृत्त काढलं. ठरावात शब्द आहेत, 'दरसाल १८ टक्के सरळव्याज, विलंबाच्या दिवसांवर'. शेवटचे तीन शब्द दोन्ही मसुद्यांत नव्हते. माझ्याही नाही, त्यांच्याही नाही.

आकडा जुळला म्हणून अर्थ जुळत नाही. एक उदाहरण सोडवून पाहायचं. दोन्ही प्रतींतून तीच रक्कम निघाली तर कलम पक्कं.

१० मार्च

वहिनींच्या तक्रारीचा दुसरा भाग आज नीट वाचला. पहिल्यांदा घाईत सुटला होता.

सदनिका त्यांच्या नावावर. त्या मुलाकडे पुण्याला असतात. इथे त्यांचा धाकटा दीर राहतो, बायकामुलांसह. भाडं नाही, करार नाही. त्यांनाही वर्षभर बिनभोगवटा शुल्क लागलंय.

आमच्या उपविधीत कुटुंबाच्या व्याख्येत 'ब्रदर-इन-लॉ' आहे. इंग्रजी परिपत्रकातही. मराठी परिपत्रकात 'मेहुणा'.

मेहुणा. फक्त मेहुणा.

११ मार्च

झोप लागली नाही. पहाटे उठून नाती लिहून काढली.

ब्रदर-इन-लॉ: नवऱ्याचा भाऊ, म्हणजे दीर. बायकोचा भाऊ, म्हणजे मेहुणा. बहिणीचा नवरा, तोही मेहुणा, हाक मारताना भावोजी. बायकोच्या बहिणीचा नवरा, साडू. नणंदेचा नवरा, त्याला आमच्याकडे नाव वेगळं, कोकणात वेगळं, यांच्या गावी तिसरंच.

सिस्टर-इन-लॉ: नणंद, मेहुणी, जाऊ, भावजय.

इंग्रजीची दोन नाती मराठीत आठ-नऊ झाली. मी त्यातलं एक उचललं आणि बाकीच्यांना घराबाहेर काढलं. तेही नेमकं सदस्य पुरुष असेल असं गृहीत धरून. बाईच्या नावावर घर असेल तर तिला आधी दीर असतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. मलाच दोन दीर आहेत.

१२ मार्च

सचिवांना फोन. म्हटलं, साडू धरायचा का?

"म्हणजे?"

म्हटलं, इंग्रजी शब्दकोशात ब्रदर-इन-लॉच्या अर्थात जोडीदाराच्या बहिणीचा नवराही येतो. उपविधीत नुसता शब्द आहे. मराठीत मला नाव घेऊन लिहावं लागेल. लिहिलं तर धरला, नाही लिहिलं तर सोडला. हे मी ठरवायचं नाही. समितीने ठरवायचं.

बराच वेळ शांतता. मग, "इंग्रजीत हा प्रश्नच आला नव्हता हो."

आला नव्हता, कारण शब्दाने तो झाकला होता.

१४ मार्च

धुळवड. खाली पोरांचा गोंगाट. पाण्याची टाकी दुपारीच संपली. आज काम नाही.

१५ मार्च

तारखेचं कलम. इंग्रजीत: बिलाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत, 'विदिन फिफ्टीन डेज फ्रॉम'. बिल ५ तारखेला निघतं.

कायद्याची रीत अशी, की 'फ्रॉम' म्हटलं की तो पहिला दिवस मोजायचा नाही. सन १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाच्या कलम ९ मध्ये आहे. म्हणजे ५ सोडून पंधरा, शेवटचा दिवस २०.

मराठीत 'सोमवारपासून शाळा सुरू' म्हटलं तर सोमवारी दप्तर घेऊन जायचं असतं. 'पासून' पहिला दिवस पोटात घेतं. ५ धरून पंधरा, शेवटचा दिवस १९. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आणि एक दिवस कमी.

शिवाय मी लिहिलेलं पहिलं वाक्य: '२० तारखेपूर्वी भरावे.' पूर्वी म्हणजे १९ संपेपर्यंत. इंग्रजीतलं 'बाय' वीस तारीख धरतं. 'वीसच्या आत' लिहिलं असतं तर आणखी वाद.

दोन्ही प्रतींतून मोजणी काढून टाकली. शेवटचा दिवस: त्या महिन्याची २० तारीख, हा दिवस धरून. इंग्रजीतही तेच. मोजायचं काही उरलं नाही की चुकायचंही उरत नाही.

१७ मार्च

भरावे.

सदस्यांनी रक्कम भरावी. सदस्यांनी गाड्या नीट लावाव्यात. सदस्यांनी सूचना कळवाव्यात. पहिलं बंधन, दुसरं बंधन की विनंती ते सांगता येत नाही, तिसरं मर्जी. क्रियापदाचं रूप एकच. इंग्रजीत सचिवांनी अनुक्रमे शॅल, आर रिक्वेस्टेड टु आणि मे लिहिलंय.

कायद्याच्या मराठीत शॅलसाठी 'भरील', 'करील' येतं. कार्यालयात हजारदा लिहिलं. पण जिन्याखालच्या फलकावर 'सदस्य रक्कम भरील' वाचून समितीतले नाना विचारतील, तुम्हाला कसं माहीत?

ठरलं ते असं. शॅल: 'बंधनकारक आहे'. रिक्वेस्टेड: 'विनंती आहे'. मे: सदस्याच्या मर्जीचं असेल तर 'देता येईल', समितीच्या अधिकाराचं असेल तर 'समितीला अधिकार आहे'. नुसतं '-आवे' कुठेही नाही.

मराठी प्रत कोरडी झाली. वाचताना सरकारी वाटते. चालेल.

१८ मार्च

समितीची सभा आमच्याच घरी. चहा दोनदा.

साडूवर पाऊण तास. खजिनदार म्हणाले, साडू आला तर उद्या साडूचा भाऊ येईल. नानांचं म्हणणं, उपविधीत शब्द मोकळा आहे, समितीने तो आखडता घेऊ नये. नानांचं मान्य झालं.

मी सुचवलं, नात्याची नावंच नकोत, नातं वर्णन करून लिहू. जोडीदाराचा भाऊ. बहिणीचा नवरा. जोडीदाराच्या बहिणीचा नवरा. जोडीदाराची बहीण. भावाची बायको. जोडीदाराच्या भावाची बायको. इंग्रजीतही ब्रदर-इन-लॉ काढून हीच सहा वाक्यं, याच क्रमाने. जावई, सून, नातू, नात यांना अडचण नाही. तिथे शब्दाला शब्द बसतो.

एकाने विचारलं, पुतण्या? व्याख्येत नाही. इंग्रजीतही नाही, मराठीतही नाही. त्यांच्याकडे पुतण्या राहतो. ते गप्प बसले.

मग सचिवांनी शेवटचं कलम वाचलं. 'दोन्ही प्रतींत तफावत आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल.' सगळीकडे असतं, म्हणाले. एका ओळीत सुरक्षित.

मी म्हटलं, ठराव मराठीत झाला, इतिवृत्त मराठीत आहे. इंग्रजी त्याचं भाषांतर. भाषांतर मुळापेक्षा वरचढ कसं? आणि इमारतीत निम्म्यांहून जास्त लोक मराठी प्रतच वाचणार. त्यांना आपण सांगणार की हे वाचा, पण यावर विसंबू नका.

"मग मराठी ग्राह्य म्हणू."

तरी तेच. आपल्याकडे तमिळ, सिंधी, बंगाली कुटुंबं आहेत. त्यांनी कशावर विसंबायचं? ते कलम चूक दुरुस्त करत नाही, चूक कुणाच्या माथी मारायची तेवढं ठरवतं.

खजिनदार चिडले. "मॅडम, तुम्ही इतकं बोलताय, मागच्या वेळचं मराठी कुणी केलं होतं?"

मी म्हटलं, मी.

कपाटातून मसुदा आणून टेबलावर ठेवला.

कुणी काही बोललं नाही. नानांनी बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

१९ मार्च

सकाळी खजिनदार दारात. "ताई, काल जरा जास्तच झालं." मग बसून परताव्याचा हिशोब केला आम्ही.

लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या तेरा सदनिका, प्रत्येकी २,७६० परत: ३५,८८०. वहिनींचे पूर्ण वर्षाचे ४,९२०, कारण त्यांना लागूच नव्हतं. एकूण ४०,८००.

'देखभाल' आणि 'मेहुणा'. दोन शब्द.

शेवटच्या कलमाचं काल असं ठरलं: तफावत आढळल्यास २३ फेब्रुवारीचा ठराव आधार मानला जाईल, आणि समितीचा लेखी खुलासा होईपर्यंत दोन्हींपैकी कमी रक्कम आकारली जाईल. खजिनदारांनीच सुचवलं. आता प्रती जुळवण्यात त्यांना सर्वांत जास्त रस आहे.

२१ मार्च

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फक्त मराठी प्रत दिली. म्हटलं, याचं इंग्रजी कर. मूळ इंग्रजी मागायचं नाही, सचिवकाकांना विचारायचं नाही.

२३ मार्च

तिचं इंग्रजी आणि सचिवांचं इंग्रजी शेजारी ठेवून वाचलं. नऊ कलमांत तीन ठिकाणी वेगळं निघालं.

एक. 'हे शुल्क लागू राहील.' तिने लिहिलं, लागू होतं ते पुढेही चालू राहील. मूळ इंग्रजीत १ एप्रिलपासून नव्याने लागू. 'राहील'ने जुनी पद्धत चालू असल्याचा भास झाला. 'लागू होईल' केलं.

दोन. 'रहिवासी'. तिने रेसिडेंट लिहिलं, मुळात ऑक्युपंट. तक्त्यात हा शब्दच नव्हता. तक्त्याबाहेरचा शब्द दोघांनी आपापल्या मनाने घेतला. 'सदनिकेत राहणारी व्यक्ती' केलं, तक्त्यात घातलं.

तीन. 'भाडेकरू'. तिने टेनंट लिहिलं. मुळात लायसन्सी.

हे मला दिसायला हवं होतं. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला फक्त वापराची परवानगी असते, भाडेकरूचे हक्क नसतात. कायदा दोघांना वेगळं धरतो. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरू म्हणतो. सोसायटीच्या शिक्क्याच्या कागदावर 'भाडेकरू' छापून आलं, तर उद्या तो कागद कुणी कुठे दाखवेल सांगता येत नाही.

'लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारी व्यक्ती'. लांबलचक. नऊ वेळा येतं. नऊही वेळा पूर्ण लिहिलं.

मुलीला पुस्तकांसाठी पाकीट देत होते, घेईना. आईने डोळे वटारले तेव्हा घेतलं.

२५ मार्च

मोठ्याने वाचन. सचिव इंग्रजी वाचतात, मी मराठीवर बोट ठेवते. मग उलट. कलमांचे क्रमांक तेच, उपकलमं तितकीच, वाक्यं तितकीच. इंग्रजीतलं एक लांब वाक्य मी मराठीत दोन केलं होतं, तर तिकडेही दोन करायला लावलं. ते म्हणाले, इंग्रजी सुधारलं.

कलम ७ ला थांबलो. इंग्रजीत 'अँड', मराठीत 'किंवा'. ना हरकत पत्रासाठी कराराची प्रत आणि पोलीस पडताळणीची पोच, दोन्ही हवीत की एक चालेल? ठरावात 'तसेच' आहे. दोन्ही. माझी चूक.

रात्री यांनी विचारलं, अजून किती दिवस? जेवताना मी 'आणि' म्हणाले की 'किंवा', हे ते तपासतात हल्ली.

२७ मार्च

परिपत्रक सही होऊन आलं. मराठी आणि इंग्रजी, दोन्हींवर एकच जावक क्रमांक, एकच तारीख, दोन्हींवर सही. 'भाषांतर' हा शब्द कुठेही नाही.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. वहिनींचा पुण्याहून फोन. परताव्याचं पत्र पोचलं. म्हणाल्या, पैशाचं नाही हो, पण दिराला परकं धरलं ते लागलं होतं. मी म्हटलं, ते मी लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, तुमच्या भाषेवरूनच कळलं होतं.

२ एप्रिल

'ब' विंगच्या फलकावर मराठी प्रत पाहिली. कलम ४: '२० तारखेपूर्वी भरावे.'

१५ मार्चच्या आधीचा मसुदा. पहारेकऱ्याला कार्यालयातल्या टेबलावर सापडला, त्याने लावला. इंग्रजी प्रत मात्र नवी. दोन्ही शेजारी शेजारी.

स्वतः पिना काढल्या. एक नख तुटलं.

३ एप्रिल

सचिवांशी बोलले. दोन वेगळे कागद असतात तोवर एक जुना आणि एक नवा होणारच. पाठपोट छापायचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. फलकावर कागद दोन लागतील, एक या बाजूने, एक त्या बाजूने. लागू देत. मसुद्याच्या प्रत्येक पानावर आडवा शिक्का, 'कच्चा'. तक्ता परिपत्रकाच्याच नस्तीत, सर्वांत वर.

५ एप्रिल

बिलं निघाली. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या सदनिकेचं एक बिल मागवून पाहिलं. ४,१०० अधिक १८०. एकूण ४,२८०.

मराठी प्रत घेऊन हिशोब केला. ४,२८०. इंग्रजी प्रत घेऊन केला. ४,२८०.

वहिनींचं बिल ४,१००.

६ एप्रिल

सचिव आले. पावसाळ्यापूर्वी गळतीच्या दुरुस्तीचं परिपत्रक काढायचंय. खर्च कुणाचा ते त्यात येईल. गळती वरच्या सदनिकेतून आली तर एक, गच्चीतून आली तर दुसरं.

"इंग्रजी मी करतो," म्हणाले, "पण आधी तक्ता ना?"

तक्त्याची पहिली ओळ त्यांनीच सांगितली: लीकेज, गळती. मी विचारलं, आणि ओल? लीकेजमध्ये ओल येते का?

ते खुर्चीवर बसले.